लेझर प्रिंटरचा वास आणि बारीक धूळ: लहान बंद खोलीत काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

लक्षणं

तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "प्रिंटर चालला की खोलीत वास येतो." पण हे वास एकसारखे नसतात आणि प्रत्येकाचं कारण वेगळं असतं. त्यामुळे हात घालण्याआधी नेमका कोणता वास येतो ते ठरवा.

नाकाला झोंबणारा, विजा कडाडून गेल्यावर येतो तसा तीव्र वास ओझोन वायूचा. तो मुख्यतः जुन्या किंवा कोरोना वायर, म्हणजे आतली उच्च दाबाची बारीक तार, असलेल्या मशीनमधून येतो. कोमट प्लास्टिक किंवा मेणासारखा वास बऱ्याच छपाईनंतर येत असेल आणि दार उघडल्यावर जात असेल, तर तो टोनरचा, म्हणजे छपाईच्या पुडीचा, आणि कागदाचा असतो; फ्यूजर या तापत्या रोलरांच्या भागात दोन्ही गरम होतात. ओल्या कागदाला इस्त्री केल्यासारखा दमट वास आणि कागद बाहेर येतो तिथे पांढरी वाफ दिसली, तर कागदात ओल आहे. ती वाफ धूर समजून लोक घाबरतात, पण ते बहुतेक वेळा नुसतं पाणी असतं. करपट, रबर जळल्यासारखा किंवा खराब झालेल्या माशासारखा वास मात्र वेगळ्या जातीचा आहे. त्याची सोय शेवटी नव्हे, सगळ्यात आधी लावायची.

धुळीचंही तसंच. ट्रेच्या कडेला साचणारी पांढरट, मऊ पूड ही कागदाची असते. कार्ट्रिजच्या दारापाशी किंवा प्रिंटरखालच्या टेबलावर दिसणारी काळी (रंगीत प्रिंटर असेल तर निळी, गुलाबी, पिवळी) आणि बोटाला चिकटणारी पूड म्हणजे टोनर. फरक कळत नसेल तर पांढरा टिश्यू थोडा ओला करून टेकवा. काळा डाग पाण्यात न विरघळता तसाच पसरला तर टोनर गळतोय असं धरून चाला.

तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. टोनरचा कण साधारण ५ ते १० मायक्रोमीटरचा असतो, पण फ्यूजर तापताना कागद, टोनर आणि रोलरवरच्या वंगणातून वाफा सुटतात. त्या थंड होताना ०.१ मायक्रोमीटरपेक्षाही लहान कण तयार होतात. म्हणजे हे कण टोनरची पूड उडून तयार झालेले नसतात, आणि म्हणूनच टोनर अजिबात न गळणारा चकाचक प्रिंटरही ते सोडू शकतो. २००७ साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीतल्या लिडिया मोरावस्का यांच्या गटाने ऑफिसमधले ६२ प्रिंटर तपासले. त्यातले ३७ कण सोडत नसल्यासारखेच होते आणि १७ भरपूर सोडत होते. तेव्हा "लेझर प्रिंटर म्हणजे धोका" किंवा "काही होत नाही", ही दोन्ही वाक्यं सरसकट म्हणून चालत नाहीत. मॉडेलनुसार चित्र फार बदलतं.

इथे एक फसगत नेहमी होते. टेबलावर ठेवायचा पीएम २.५ मीटर लावून पाहिला, आकडा हलला नाही, म्हणून हवा स्वच्छ आहे असं ठरवलं जातं. हे मीटर प्रकाश विखुरण्यावर चालतात आणि साधारण ०.३ मायक्रोमीटरच्या खालचे कण त्यांना दिसतच नाहीत. आकडा वाढला तर दखल घ्या. नाही वाढला तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

आधी हे बघा: लगेच बंद करायची वेळ

करपट किंवा माशासारखा वास, तडतड आवाज, ठिणगी, खरा धूर: यातलं काहीही असेल तर पानं छापून होण्याची वाट न बघता स्विच बंद करून प्लग काढा. मग पहिली नजर प्रिंटरवर नको, प्लग आणि एक्स्टेंशन बोर्डावर टाका. फ्यूजर तापताना लेझर प्रिंटर काही क्षण ८००-१००० वॅटपर्यंत, कधी त्याहून जास्त वीज ओढतो. स्वस्त बोर्डाच्या सैल सॉकेटमध्ये त्याने जोड तापतो आणि प्लास्टिक जळू लागतं. वास प्रिंटरमधून येतो असं वाटतं, पण दोषी बोर्ड निघतो. काही वेळाने हात लावून पाहा. प्लगच्या पिना काळ्या पडल्या असतील किंवा सॉकेटचं प्लास्टिक पिवळं पडून वाकलं असेल, तर कारण मिळालं. प्रिंटर थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा. यूपीएसच्या बॅटरी-आउटलेटवर लेझर प्रिंटर कधीच नको. सॉकेट स्वतः बदलता येत नसेल तर इलेक्ट्रिशियन बोलवा. बोर्ड ठीक असून वास प्रिंटरच्या आतूनच येत असेल, तर प्रिंटर पुन्हा लावू नका आणि सर्व्हिस इंजिनियरकडे द्या. पॉवर सप्लाय आणि फ्यूजर उघडून बघायची जागा नाही.

फुकटातले दोन तपास: कागद आणि सेटिंग

प्रिंटरच्या सेटिंगमध्ये Paper Type काय आहे ते पाहा. पूर्वी कधी जाड कागदावर पत्रिका छापली, तेव्हा Thick किंवा Heavy निवडलं आणि ते तसंच राहिलं, हे नेहमीचं आहे. त्या सेटिंगवर फ्यूजर जास्त तापतो किंवा कागद सावकाश सरकतो. साध्या ७०-८० ग्रॅमच्या कागदाला इतकी उष्णता लागली की कागद वळतो, वाफ वाढते आणि वासही. Plain वर आणा. उलट बाजूही लक्षात असू द्या: बोटाने घासल्यावर अक्षरं पुसली जात असतील, तर उष्णता कमी पडतेय. तिथे Plain वरून एक पायरी वर जायला हरकत नाही, पण अक्षरं पक्की बसत असताना उगाच वर राहू नका.

कागदाचं बंडल उघडं ठेवू नका. दमट हवेत तो पाणी शोषतो आणि दोनशे अंशांच्या आसपासच्या फ्यूजरमधून जाताना तेच पाणी वाफ होऊन वास घेऊन बाहेर पडतं. नव्या, बंद पाकिटातली वीस पानं घालून छापा. वाफ थांबली तर कारण कागद. इंकजेटसाठीची ट्रान्सपरन्सी किंवा स्टिकरचे कागद लेझरमध्ये घालणं ही वेगळी चूक: त्यांचा लेप आणि गोंद फ्यूजरच्या उष्णतेसाठी बनलेला नसतो. तो वितळून रोलरला चिकटतो, आणि पुढची शंभर पानं त्याचाच वास देतात.

अगदी नवीन प्रिंटर किंवा नवा फ्यूजर सुरुवातीला थोडा वास देतो, तो बहुतेकदा काही दिवसांच्या वापरात ओसरतो. जुन्या प्रिंटरला अचानक वास यायला लागला, तर मात्र काहीतरी बदललेलं आहे हे धरून शोधा.

हवा खरंच बदलते का?

वासाच्या बहुतेक तक्रारींचं मूळ प्रिंटरपेक्षा खोलीत असतं. आणि यातला सगळ्यात मोठा गैरसमज एसीचा आहे. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा ओढून, थंड करून परत सोडतो. म्हणजे दार-खिडकी लावून एसी चालवला तर वास आणि कण दोन्ही खोलीतच फिरत राहतात, फक्त थंड होऊन. एसीची जाळी मोठी धूळ अडवते, इतके बारीक कण नाही.

एक नमुन्याची खोली घेऊन हिशेब करू. १० बाय १० फूट, उंची ९ फूट. घनफळ ९०० घनफूट, म्हणजे साधारण २५ घनमीटर. दार-खिडकी घट्ट बंद असताना अशा खोलीत फटींतून तासाला सुमारे अर्धी हवा बदलते असं धरू. या वेगाने छपाईनंतरचा वास निम्मा व्हायला जवळपास ८० मिनिटं लागतात आणि दहाव्या हिश्श्यावर यायला साडेचार तास. दुपारी छापलेल्या पानांचा वास संध्याकाळपर्यंत का रेंगाळतो, याचं उत्तर इथेच आहे. आता तासाला १५० घनमीटर हवा खरोखर बाहेर टाकणारा एक्झॉस्ट फॅन चालू केला, तर तासाला सहा वेळा हवा बदलते. तोच वास सुमारे ७ मिनिटांत निम्मा, आणि २३ मिनिटांत दहाव्या हिश्श्यावर.

"खरोखर" हा शब्द मुद्दाम वापरला. फॅनच्या खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. भिंतीत बसवल्यावर, मागे जाळी आणि झडप आल्यावर, तो बराच घटतो. आणि सगळ्यात जास्त घटतो तो आत येणारी हवा अडल्यावर. फॅन जेवढी हवा बाहेर टाकतो तेवढीच दुसरीकडून आत यावी लागते. दाराखाली १ सेंटिमीटरची फट असेल, तर ८० सेंटिमीटरच्या दाराला ती जेमतेम ८० चौरस सेंटिमीटर जागा देते. त्यातून १५० घनमीटर ओढायचे तर हवेला सेकंदाला पाच मीटरहून जास्त वेगाने धावावं लागेल. लहान एक्झॉस्ट फॅनला तो ताण झेपत नाही, म्हणून तो नुसता घरघरतो. साधारण ३०० चौरस सेंटिमीटर मोकळी जागा हवी: ३० बाय १० सेंटिमीटरची जाळी, किंवा मीटरभर उंच खिडकी ३ सेंटिमीटर उघडी. जाळीच्या पट्ट्या जागा खातात, त्यामुळे जाळी थोडी मोठीच घ्या.

चाचणी सोपी आहे. टिश्यूपेपरची बोटभर रुंद पट्टी फाडा. फॅन चालू करून, दार लावून, ती आधी फॅनच्या जाळीपाशी धरा; पट्टी जाळीला खेचली जाऊन टिकायला हवी. मग हवा येण्याच्या फटीपाशी धरा. ती आतल्या बाजूला ठामपणे उडायला हवी. फॅनपाशी पट्टी लुळी पडते आणि दार जरा उघडताच ती खेचली जाते, असं झालं तर फॅन ठीक आहे आणि फट कमी पडतेय. दार उघडूनही फरक नाही, तर फॅन घाणीने भरलाय, झडप अडकलीय किंवा फॅन उलटा बसवलाय. जाळी पुसून, झडप हाताने हलवून पाहा आणि मगच नव्या फॅनचा विचार करा.

प्रिंटर कुठे ठेवायचा

एकच रेषा डोक्यात ठेवा: बाहेरची हवा आधी माणसापाशी येते, मग प्रिंटरवरून जाते, मग फॅनमधून बाहेर पडते. ही रेषा उलटी झाली की भारी फॅनही तुमच्या नाकातूनच वास बाहेर नेतो.

त्याच १० बाय १० च्या खोलीचं पाहू. दार पूर्वेला, खिडकी पश्चिमेला. एक्झॉस्ट फॅन नेमका दाराच्या वरच बसवलेला. टेबल खिडकीपाशी, आणि प्रिंटर टेबलावरच, खुर्चीच्या डाव्या हाताला. खिडकी बंद, एसी चालू. दाराखालच्या फटीतून येणारी हवा वरच्या फॅनमधून सरळ निघून जाते. टेबलाकडची हवा जागची हलत नाही. वर प्रिंटरच्या बाजूची जाळी, जिथून आतला छोटा पंखा गरम हवा फेकतो, ती माणसाच्या तोंडाकडे वळलेली. या खोलीत फॅन चालू असूनही वास का, हा प्रश्न साहजिक आहे. पण फॅन फक्त दारातल्या हवेची येजा करतोय.

दुरुस्तीला इथे नवीन काही विकत घ्यावं लागत नाही. प्रिंटर टेबलावरून उचलून दाराजवळच्या कोपऱ्यात, फॅनच्या खालच्या बाजूला, वेगळ्या स्टँडवर जातो. त्याची जाळी फॅनकडे किंवा मोकळ्या बाजूला, खुर्चीपासून दूर. भिंतीपासून निदान २० ते ३० सेंटिमीटर अंतर, कारण गरम हवा भिंतीवर आपटून परत आत ओढली गेली की प्रिंटरही तापतो. खिडकी ३ सेंटिमीटर उघडी, आणि दाराखालची फट छपाईच्या वेळी गुंडाळलेल्या कापडाने बंद. आता हवा खिडकीतून येते, टेबलावरून जाते, प्रिंटरपाशी पोहोचते आणि बाहेर. माणूस आणि प्रिंटर यांच्यात दोन-अडीच मीटर अंतरही आपोआप मिळालं.

एसी सोडवत नसेल, तर खिडकी आणि फॅन फक्त छपाईच्या वेळी आणि नंतर २५ मिनिटं. थंडाव्याचं नुकसान होतं, पण दिवसभर खिडकी उघडी ठेवण्याइतकं नाही. म्हणूनच छपाई साठवून एकदम करा. फ्यूजर थंड असताना पहिल्या पानाला तापतो तेव्हा बऱ्याच मॉडेलमध्ये कणांचा झोत सुटतो. दर वीस मिनिटांनी एकेक पान काढणं म्हणजे तो झोत पुन्हा पुन्हा.

कपाटात किंवा बंद कप्प्यात प्रिंटर ठेवून दार लावायची युक्ती टाळा. वास थोडा कमी वाटतो, पण प्रिंटर तापतो आणि दार उघडताच साठलेलं सगळं तोंडावर येतं. एसीच्या थेट झोताखालीही नको. थंड हवेचा झोत प्रिंटरची गरम हवा पकडून खोलीभर पसरवतो. छताचा पंखा छपाईच्या वेळी बंद किंवा अगदी हळू.

काळी पूड: कार्ट्रिज

आता दिसणारी धूळ. प्रिंटर बंद करा, अर्धा तास थंड होऊ द्या. टेबलावर पांढरा कागद पसरा, कार्ट्रिज अलगद काढून त्यावर आडवी ठेवा, हलवू नका. पाच मिनिटांनी उचला. कागदावर पुडीची रेघ उमटली असेल, तर कार्ट्रिजचं सील किंवा आतली पूड पुसणारं वायपर ब्लेड गेलंय. रिफिल केलेल्या कार्ट्रिजमध्ये टाकाऊ टोनरचा कप्पा रिकामा न करताच नवा टोनर भरला जातो; तो कप्पा ओसंडला की पूड आत सांडते, पंखा ती बाहेर फेकते आणि पानांवर ठिपके दिसतात. असं कार्ट्रिज पुसून पुन्हा लावण्यात अर्थ नाही, बदला. ड्रमवर, म्हणजे प्रतिमा उमटवणाऱ्या चकचकीत नळकांड्यावर, प्रकाश पडू देऊ नका, कापडाने झाकून ठेवा.

आतली सांडलेली पूड कोरड्या, न झडणाऱ्या कापडाने हळूच उचला. उरलेली थंड पाण्याने जेमतेम ओल्या केलेल्या कापडाने. गरम पाणी नको, टोनर मऊ होऊन चिकटतो. फुंकर किंवा हवेचा डबा तर मुळीच नको, सगळी पूड हवेत जाते. घरातला साधा व्हॅक्युम क्लीनरही चालत नाही: इतके बारीक कण त्याच्या पिशवीतून आरपार निघून मागच्या बाजूने खोलीत पसरतात. हे काम करताना एन ९५ मास्क आणि पातळ हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. जुनं कार्ट्रिज पिशवीत बांधून ठेवा. ते जाळू नका.

ओझोन

आजच्या बहुतेक लहान प्रिंटरमध्ये कोरोना वायरऐवजी चार्ज रोलर असतो आणि ओझोन नगण्य. पण ड्रमवर एक छोटी सरकती पट्टी असेल, तर आत कोरोना वायर आहे. ती पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सात-आठ वेळा सावकाश सरकवा आणि मूळ जागी परत आणा. परत आणायला विसरलात तर पुढच्या पानावर उभा काळा पट्टा येईल. जुन्या, मोठ्या मशीनमध्ये ओझोन फिल्टर असतो. मॅन्युअलमध्ये त्याची जागा आणि बदलायची मुदत पाहा. तो धुऊन पुन्हा वापरता येत नाही.

एअर प्युरिफायर आणि बाहेरून लावायचे फिल्टर

हे मुद्दाम शेवटी. हेपा फिल्टर हे अतिबारीक कण चांगले पकडतो, कारण इतके लहान कण सरळ न जाता इकडेतिकडे भरकटत तंतूंना चिकटतात. वास आणि ओझोन मात्र त्यातून जातात; त्यासाठी अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनचा थर लागतो, आणि तो पातळ असला तर लवकर संपतो. आयनायझर किंवा ओझोन सोडणारा प्युरिफायर घेऊ नका, तो तक्रारीतलाच वायू खोलीत वाढवतो. प्रिंटरच्या जाळीवर स्वतः कापूस, फोम किंवा जाड कापड चिकटवू नका. पंख्याची हवा अडली की आतली उष्णता अडते.

इथे थांबा

फ्यूजर स्वतः उघडू नका. त्याचा रोलर पान येऊन गेल्यावरही बराच वेळ भाजण्याइतका गरम असतो. पानावर एकाच अंतराने करपट डाग, कागद पिवळसर होऊन निघणं, किंवा नव्या कागदावर, Plain सेटिंगवर, नव्या कार्ट्रिजसहही टिकणारा जळका वास: हे फ्यूजर किंवा त्याच्या तापमान-नियंत्रणाचं काम आहे, सर्व्हिस इंजिनियरचं. त्याला सांगताना "वास येतो" एवढंच न सांगता, वास पहिल्या पानालाच येतो की वीस पानांनंतर, आणि कोणत्या कागदावर, ते सांगा. तो नेमकं हेच विचारतो.

खोकला, छातीत घरघर, डोळ्यांची आग छपाईनंतर होते आणि खोलीबाहेर गेल्यावर ओसरते, असं वारंवार घडत असेल, तर डॉक्टरांना भेटा. दमा असलेल्याने डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत त्या खोलीत बसून छपाई करू नये.

आणि खोलीला खिडकीच नाही, फॅनला भिंत फोडायची परवानगी नाही, हवा बदलण्याचा कुठलाच मार्ग नाही, तर बाकीचे तपास करत बसू नका. प्रिंटर वाय-फायवर टाका आणि पॅसेजमध्ये किंवा मोकळ्या जागेत हलवा. तेही जमत नसेल आणि छपाई थोडी असेल, तर इंकजेट घ्या. त्यात फ्यूजरच नसतो. लेझरच हवा असेल, तर नव्या प्रिंटरवर जर्मनीचं ब्लू एंजल हे पर्यावरणचिन्ह आहे का ते पाहा. २०१३ पासून त्यात अतिबारीक कणांच्या संख्येवरही मर्यादा घातलेली आहे.